विश्लेषण : क्रिप्टो विकले, पण पैसे कार्डावर का येत नाहीत? बँक नेमके काय तपासते?

बिटकॉइन किंवा यूएसडीटी विकायला अर्धे मिनिटही लागत नाही. अॅपवर पौंड, युरो किंवा दिरहम जमा झालेले दिसतात. मग ‘कार्डावर काढा’ हा पर्याय निवडला जातो, कार्डाचा नंबर दिला जातो आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर `Declined by issuer` असे उमटते. ज्या कार्डाने दोन वर्षांपूर्वी क्रिप्टो विकत घेतले, त्याच कार्डावर पैसे परत येत नाहीत, हे बहुतेकांना पटत नाही. कार्डात बिघाड आहे असे वाटते, एक्स्चेंज पैसे दाबून बसले आहे असेही वाटते. प्रत्यक्षात कार्डाने पैसे देणे आणि कार्डावर पैसे घेणे हे दोन वेगळे व्यवहार आहेत, आणि त्यांची तपासणीही वेगळी होते.

खरेदी झाली, मग परत का येत नाही?

कार्डाची सगळी व्यवस्था मुळात पैसे ओढून घेण्यासाठी उभी राहिली. दुकानदार मागणी करतो, बँक हो किंवा नाही म्हणते, पैसे ग्राहकाकडून दुकानदाराकडे जातात. क्रिप्टोची खरेदीही याच मार्गाने होते.

वस्तू परत केल्यावर येणारा रिफंड हा या मार्गाचाच उलटा प्रवास असतो. त्याच्यामागे जुन्या खरेदीची नोंद असते, त्यामुळे बँक सहसा फारसे प्रश्न विचारत नाही. क्रिप्टो विकून येणारे पैसे मात्र रिफंड नसतात. एक हजार पौंडांना घेतलेले नाणे अडीच हजारांना विकले, तर रिफंड म्हणून अडीच हजार परत करता येत नाहीत. हे पैसे पाठवायला कार्ड नेटवर्कमध्ये वेगळा संदेश आहे. व्हिसाच्या भाषेत त्याला ‘ओरिजिनल क्रेडिट ट्रान्झॅक्शन’ म्हणतात, आणि ही सेवा ‘व्हिसा डायरेक्ट’ या नावाने चालते. मास्टरकार्डने अशीच सेवा ‘मास्टरकार्ड सेंड’ या नावाने आणली. पगार, विम्याचा दावा, टॅक्सीचालकाची रोजची कमाई असे बरेच पैसे याच वाटेने कार्डावर येतात. जानेवारी २०२४ मध्ये ट्रान्सॅक या कंपनीने व्हिसा डायरेक्टच्या मदतीने १४५ हून अधिक देशांत क्रिप्टोचे पैसे कार्डावर काढण्याची सोय जाहीर केली, तीही याच मार्गाची.

पण सोय जाहीर होणे आणि आपल्या कार्डाने ते पैसे स्वीकारणे यात अंतर असते. असा प्रत्येक संदेश कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत येतो आणि ‘हे पैसे माझ्या ग्राहकाच्या खात्यात घ्यायचे का?’ हे तिला ठरवावे लागते. पाठवणाऱ्याला असा व्यवहार सहजासहजी मागे घेता येत नाही. म्हणून शंका असेल तर पैसे घेऊन नंतर चौकशी करण्यापेक्षा ते दारातच नाकारणे बँकेला सोपे जाते.

एक उदाहरण

समजा, नाशिकचा एक इंजिनिअर काही वर्षांपासून मँचेस्टरमध्ये नोकरी करतो. त्याच्याकडे ३,००० यूएसडीटी आहेत. त्यातले काही त्याने २०२१ मध्ये आपल्या डेबिट कार्डाने विकत घेतले, काही एका मित्राने उसने घेतलेल्या पैशांच्या बदल्यात पाठवले. एका यूएसडीटीला ७५ पेन्स भाव धरला तर विक्रीनंतर एक्स्चेंजवर २,२५० पौंड दिसू लागतात. शुल्क बाजूला ठेवू.

पहिली अडचण एक्स्चेंजच्या दारातच येते. ज्या कार्डाने पैसे आले त्याच कार्डावर ते परत पाठवावेत, असा बऱ्याच एक्स्चेंजचा नियम असतो. हवालाविरोधी नियमांमुळे त्यांना हे सोयीचे पडते, कारण पैसा आला तिथेच परत जातो. पण २०२१ चे कार्ड आता मुदत संपून बदललेले आहे. नवे कार्ड जोडायचे, तर एक्स्चेंज एक लहानशी रक्कम वळती करून किंवा बँकेच्या अॅपमध्ये मंजुरी घेऊन ते कार्ड त्याच माणसाचे आहे का, हे पाहते. यातून एवढेच सिद्ध होते की कार्ड त्याच्या हातात आहे. ते कार्ड पैसे स्वीकारते का, हे त्यातून कळत नाही. इथेच अनेकांची गफलत होते. कार्ड ‘व्हेरिफाइड’ दिसले की काम झाले असे वाटते.

इंजिनिअर २,२५० पौंडांची विनंती टाकतो. नकार येतो. तो बँकेला फोन करतो. बँक म्हणते, ‘आमच्याकडे असा कोणता व्यवहार आलेलाच नाही.’ एक्स्चेंज म्हणते, ‘तुमच्या बँकेने नाकारला.’ खोटे कोण बोलते आहे?

बहुधा कोणीच नाही. कार्डाच्या नंबरातले पहिले सहा ते आठ आकडे बँक, देश आणि कार्डाचा प्रकार सांगतात. पैसे पाठवणारी कंपनी व्यवहार सोडण्याआधी या आकड्यांवरून नेटवर्ककडे चौकशी करते की हे कार्ड परदेशातून किंवा या प्रकारचे पैसे घेऊ शकते का. उत्तर ‘नाही’ आले, तर व्यवहार बँकेपर्यंत जातच नाही, पण अॅपवर संदेश तोच उमटतो. त्यामुळे बँकेला विचारायचा पहिला प्रश्न ‘का नाकारले?’ हा नाही. ‘या तारखेला, या वेळी, या रकमेची जमा होण्याची विनंती तुमच्याकडे आली होती का?’ असे विचारावे. नसेल, तर दोष कार्डाच्या प्रकारात किंवा पाठवणाऱ्याच्या बाजूला आहे, आणि बँकेशी भांडून उपयोग नाही.

कार्डाचा प्रकार इतका महत्त्वाचा का?

कारण पैसे कार्डात नसतात, कार्डामागच्या खात्यात असतात. डेबिट कार्डामागे बचत किंवा चालू खाते असते, तिथे रक्कम सरळ जमा होते. क्रेडिट कार्डामागे उधारी असते. तिथे २,२५० पौंड आले तर आधी थकबाकी फिटते आणि उरलेले उलटे बाकी राहतात. म्हणजे ग्राहकाचेच पैसे बँकेकडे पडून राहतात. क्रिप्टोतून आलेले पैसे अशा रीतीने क्रेडिट कार्डावर साचणे बँकांना अजिबात आवडत नाही, कारण काळा पैसा फिरवण्याची ती जुनी पद्धत आहे.

प्रीपेड कार्डावर जास्तीत जास्त किती रक्कम ठेवता येईल याची मर्यादा असते. ओळखपत्रांची पूर्ण तपासणी झाली नसेल तर ती आणखी कमी असते. कंपनीने दिलेल्या कार्डावर खासगी पैसे येणेच चालत नाही. ऑनलाइन खरेदीसाठी तयार केलेल्या एकदाच वापरायच्या आभासी कार्डाचा नंबर तोवर रद्दही झालेला असतो.

आपल्या इंजिनिअरने नेमके तेच केलेले निघते. त्याने खर्चाच्या एका अॅपचे आभासी प्रीपेड कार्ड जोडले होते. तो आता आपल्या मुख्य बँकेचे डेबिट कार्ड जोडतो. या वेळी विनंती बँकेपर्यंत पोहोचते. पण पुन्हा नकार येतो.

आता बँक काय पाहते?

संदेशासोबत काही माहिती येते : रक्कम, पाठवणाऱ्याचे नाव, देश, पैसे कशासाठी आहेत हे सांगणारा संकेत आणि पाठवणारा व्यवसाय कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणारा चार आकडी क्रमांक. क्रिप्टोचा धंदा करणाऱ्या बिगरबँक कंपन्यांना साधारणपणे 6051 हा क्रमांक मिळतो. परकीय चलन, मनी ऑर्डर, ट्रॅव्हलर्स चेक यांचाही हाच गट आहे. ‘रोकडीसारखे व्यवहार’ म्हणून बँका त्याच्याकडे आधीपासूनच डोळे वटारून पाहतात.

बँकेचे धोरण क्रिप्टोविरोधी असेल, तर माणसाची फाइल न उघडता केवळ या क्रमांकावरून यंत्रणा नकार देऊ शकते. अशी धोरणे नवी नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये जेपी मॉर्गन चेस, बँक ऑफ अमेरिका आणि सिटी या अमेरिकी बँकांनी क्रेडिट कार्डाने क्रिप्टो घेणे बंद केले. ब्रिटनमध्ये चेसने ऑक्टोबर २०२३ पासून ग्राहकांचे क्रिप्टोसाठीचे व्यवहार नाकारायला सुरुवात केली. हे निर्णय खरेदीबाबत होते. विक्रीचे पैसे घेण्याबाबतचे धोरण बँका क्वचितच इतके उघड सांगतात, म्हणून नकार मिळेपर्यंत ग्राहकाला ते कळत नाही.

त्यानंतर मर्यादा येतात. एका वेळी किती, दिवसात किती, महिन्यात किती वेळा. या मर्यादा नेटवर्कच्या वेगळ्या असतात आणि बँकेच्या वेगळ्या. दोन्हींतली जी लहान असेल ती लागू पडते.

आणि नाव. मराठी माणसाचे घोडे इथे हमखास अडते. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र असते, आडनाव वेगळ्या रकान्यात. परदेशी बँकेने खाते उघडताना वडिलांचे नाव गाळलेले असते किंवा त्याचे एकच अक्षर ठेवलेले असते. एक्स्चेंजने पासपोर्ट वाचून तिन्ही नावे घेतलेली असतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या बाबतीत तर मधले नाव आणि आडनाव दोन्ही निराळी निघू शकतात. व्हिसाकडे खातेदाराचे नाव ताडून पाहण्याची सेवा आहे. तिचे उत्तर पूर्ण जुळले, थोडे जुळले किंवा जुळले नाही असे येते. थोडे जुळले तर पुढे जायचे की थांबायचे, हे व्यवहार हाताळणाऱ्याने ठरवायचे असते. क्रिप्टोचे पैसे असले की थांबण्याकडेच कल असतो. उपाय कंटाळवाणा पण साधा आहे : एक्स्चेंज आणि बँक, दोन्हीकडचे नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः सारखे करून घेणे.

नकाराचा कोड काय सांगतो?

अॅपवर एकच वाक्य दिसले तरी मागे दोन आकडी कोड आलेला असतो. एक्स्चेंजच्या ग्राहक सेवेला तो मागितला, तर पुष्कळदा मिळतो. `14` म्हणजे कार्डाचा नंबरच चालत नाही. `57` म्हणजे या कार्डावर या प्रकारच्या व्यवहाराला परवानगी नाही. `61` म्हणजे रक्कम मर्यादेबाहेर. `91` म्हणजे बँकेची यंत्रणा त्या वेळी बंद होती. आणि सर्वांत त्रासदायक `05`. त्याचा अर्थ ‘स्वीकारू नका’, कारण दिलेले नाही.

थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे तो फक्त `91` मध्ये. `57` वर दहा वेळा बटण दाबले तरी उत्तर `57` च येणार. उलट लागोपाठच्या प्रयत्नांमुळे फसवणूक ओळखणारी यंत्रणा जागी होते आणि कार्डच थांबवले जाते. `61` आल्यावर जाहीर मर्यादेत बसेल एवढी एक रक्कम पाठवून पाहणे ठीक आहे. पण २,२५० पौंडांचे नव्वद-नव्वदचे पंचवीस तुकडे करणे म्हणजे संशय ओढवून घेणे. तुकडे पाडून नजर चुकवणे ही हवालावाल्यांची रीत असल्याने बँकांच्या यंत्रणा तोच आकृतिबंध शोधत असतात.

इंजिनिअरला `05` मिळालेला असतो. आता बँकेला व्यवहार दिसतो, पण ती कारण सांगत नाही. याला कधी कधी कायदाच कारणीभूत असतो. ब्रिटनच्या २००२ च्या ‘प्रोसीड्स ऑफ क्राइम अॅक्ट’नुसार बँकेने एखाद्या व्यवहाराबद्दल संशयाचा अहवाल दिला असेल, तर चौकशीला बाधा येईल अशा रीतीने ते ग्राहकाला कळू देणे हा गुन्हा आहे. बँकेने व्यवहार पुढे नेण्यासाठी अधिकाऱ्यांची संमती मागितली, तर त्यांना उत्तर द्यायला सात कामकाजाचे दिवस मिळतात. त्यांनी नकार दिला, तर आणखी ३१ दिवस पैसे अडकून राहू शकतात, आणि न्यायालय ही मुदत वाढवू शकते. फोनवरचा कर्मचारी ‘मला माहीत नाही’ म्हणतो, तेव्हा त्यालाही खरोखर काही दिसत नसते. अर्थात प्रत्येक `05` मागे अहवाल असतो असे नाही. बहुतेक वेळा तो यंत्राने लावलेला धोक्याचा गुण असतो.

मग पैसे कसे काढायचे?

कार्डाचा नाद सोडून त्याच नावाच्या बँक खात्यावर थेट हस्तांतर करणे, हा बहुतेक वेळा टिकणारा मार्ग ठरतो. ब्रिटनमध्ये ‘फास्टर पेमेंट्स’, युरोपात ‘सेपा’. कार्ड नेटवर्कचा थर मधून निघून जातो, त्याच्या मर्यादाही जातात. बँकेची तपासणी मात्र जात नाही, फक्त ती माणसाच्या हातात येते आणि त्याला कागद दाखवता येतात.

आपल्या इंजिनिअरकडे बँक दोन गोष्टी विचारते : हे २,२५० पौंड कुठून आले, आणि ते क्रिप्टो घ्यायला पैसे कुठून आले. २०२१ च्या खरेदीचे उत्तर सोपे आहे. कार्डाचे विवरण, एक्स्चेंजची खरेदीची पावती आणि त्या महिन्याची पगाराची चिठ्ठी यांत साखळी पूर्ण होते. मित्राकडून आलेल्या यूएसडीटीचे अवघड आहे. ब्लॉकचेनवर व्यवहाराची नोंद आहे, पण पत्त्यावर मित्राचे नाव नसते. उसने दिल्याचा पुरावा, मूळ पैसे मित्राला गेल्याची बँकेतली नोंद, त्याच्याशी झालेला संवाद हे द्यावे लागते. ते नसेल तर बँक तेवढ्यावर अडून बसते आणि तिला तसा अधिकार आहे.

दरम्यान नाणे कुठे असते, हेही पाहिले पाहिजे. एक्स्चेंजवर विक्री झालेली असेल तर काढणे फसले तरी पौंड तिथल्या खात्यात परत दिसतात. विक्री मात्र उलटत नाही, आणि पुढे बिटकॉइन वाढले तर तो फायदा गेला. स्वतःच्या वॉलेटमधून नाणे पाठवून कार्डावर पैसे मागणाऱ्या सेवांमध्ये नाणे आधी कंपनीकडे जाते. कार्डाने नकार दिल्यावर कंपनी दुसरे खाते मागते किंवा नाणे परत करते, आणि परत करताना नेटवर्क शुल्क वजा होऊ शकते. म्हणून मोठ्या रकमेआधी एक लहान रक्कम काढून पाहणे स्वस्त पडते.

भारतात काय?

भारतीय एक्स्चेंजवर हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो, कारण तिथे रुपये सहसा कार्डावर नव्हे, खातेदाराच्याच नावाच्या बँक खात्यात जातात. विक्रीवर १ टक्का टीडीएस आधीच कापला जातो, त्यामुळे रक्कम थोडी कमी दिसली तर ती बँकेने खाल्लेली नसते. परदेशी अॅपवर भारतीय कार्ड जोडून पैसे मागवणाऱ्यांना मात्र नकाराची तयारी ठेवावी लागते. रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे क्रिप्टोवरील बंदीचे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. ३१ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना त्या परिपत्रकाचा दाखला देऊ नका असे सांगितले, पण त्याच पत्रात ग्राहकाची ओळख, हवालाविरोधी कायदा आणि परकीय चलन कायदा यांखालची छाननी चालू ठेवायलाही सांगितले. म्हणजे बंदी नाही, पण हात मोकळेही नाहीत. मार्च २०२३ पासून क्रिप्टो व्यवसाय हवालाविरोधी कायद्याखाली आले आणि डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय गुप्तचर विभागाने नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या. अशा कंपनीकडून पैसे घेणे म्हणजे बँकेला आपल्याच दारी चौकशी बोलावणे.

कार्ड चालत नाही म्हणून अनेक जण पी-टू-पीकडे वळतात. अनोळखी खरेदीदार यूपीआयने रुपये पाठवतो आणि विक्रेता नाणे सोडतो. इथे नकार येत नाही. पैसे लगेच जमा होतात, आणि धोका तिथेच आहे. ते पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीतून आले असतील आणि त्या माणसाने १९३० वर तक्रार केली असेल, तर माग काढत पोलीस विक्रेत्याच्या खात्यापर्यंत येतात. मग तेवढी रक्कम किंवा पूर्ण खाते गोठते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलिसांना तसा अधिकार आहे, आणि तक्रार दुसऱ्या राज्यातली असेल तर पुण्यातल्या माणसाला तिथल्या ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावे लागते.

नकार खरा की बनावट?

समाजमाध्यमांवर ‘पैसे अडकलेत’ अशी पोस्ट टाकली की काही मिनिटांत मदतीचे हात पुढे येतात. खऱ्या नकाराची एक खूण पक्की आहे : तो सोडवण्यासाठी कोणालाही वर पैसे भरावे लागत नाहीत. ‘कार्ड सक्रिय करण्यासाठी १० टक्के अनामत भरा’, ‘आधी कर भरा, मग रक्कम सुटेल’ असे अॅप सांगत असेल, तर तिथे एक्स्चेंजच नाही. दिसणारी शिल्लक हा नुसता स्क्रीनवरचा आकडा आहे. खरे एक्स्चेंज आपले शुल्क शिलकीतूनच कापते. तसेच कार्डावर पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. आणि कार्ड जोडून झाल्यानंतर ‘पैसे जमा करायला ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर त्या ओटीपीवर पैसे बाहेर जाणार असतात.